पंप स्वस्त की वर्ष स्वस्त?
सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

मा. चेअरमन, व्हाइस चेअरमन आणि सर्व संचालक,



कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्यांचं पाणी उचलून वरच्या रानापर्यंत नेणाऱ्या सहकारी संस्थांचा मी सभासद आहे आणि अशाच संस्थांचे हिशेब लिहिणं हे माझं काम आहे. आपण हातचं काम टाकून, मानधनाची अपेक्षा न ठेवता संस्था चालवता, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही पंपाच्या खरेदीत वर्षानुवर्षं एक चूक होते आणि तिचे पैसे पाणीपट्टीतून सभासदच भरतात. म्हणून हे पत्र.

जॅकवेलवरचा पंप बदलायचा ठरला की आपण दरपत्रकं मागवतो. सचिव तुलनात्मक तक्ता करतात. त्यात पुरवठादाराचं नाव, पंपाची अश्वशक्ती, किंमत, जीएसटी आणि वॉरंटी असते. शेवटच्या रकान्यात सर्वांत कमी आकड्याला गोल केलेला असतो आणि ठराव तिथेच होतो. पंप किती वीज ओढेल आणि किती वर्षं टिकेल, हे दोन रकाने मी फार थोड्या तक्त्यांत पाहिले आहेत. पंपाच्या बाबतीत किंमत हा खर्चाचा लहान तुकडा असतो. मोठा तुकडा वीजबिलाचा असतो आणि तो त्या तक्त्याच्या बाहेर राहतो.

एक उदाहरण घेतो. आकडे मी समजावण्यासाठी सोपे धरले आहेत, पण आपल्याकडच्या मध्यम संस्थेला ते परके वाटणार नाहीत. सेकंदाला ५० लिटर पाणी, नळीतलं घर्षण धरून ४० मीटर हेडवर चढवायचं आहे. एवढं पाणी एवढ्या उंचीवर न्यायला शुद्ध ताकद सुमारे १९.६ किलोवॉट लागते. ही गरज कुठल्याही कंपनीच्या पंपाला सारखीच. फरक पडतो तो पंप आणि मोटर मिळून किती वाया घालवतात त्यात.

पहिला पंप अडीच लाखांचा. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ५६ टक्के, म्हणजे मीटरवर तो ३५ किलोवॉट ओढतो. नदीच्या गढूळ पाण्यात तो चार वर्षं टिकतो. दुसरा पंप पाच लाख ऐंशी हजारांचा. त्याची कार्यक्षमता ६१ टक्क्यांच्या थोडी वर, ओढ ३२ किलोवॉट, आयुष्य आठ वर्षं. दोन्हींच्या मोटरवर ५० एचपीच लिहिलेलं आहे, त्यामुळे आपल्या तक्त्यात दोघं एकसारखे दिसतात. संस्था वर्षाला १,८०० तास पंप चालवते आणि सगळे आकार मिळून युनिट पाच रुपयांना पडतं असं धरू. पहिल्याची वीज वर्षाला ३,१५,००० रुपयांची, दुसऱ्याची २,८८,००० ची. बेअरिंग, ग्लँडची दोरी, एखादं रिवाइंडिंग हे सगळं धरून देखभाल पहिल्याला ३०,००० आणि दुसऱ्याला २२,०००. म्हणजे चालवण्याचा खर्च वर्षाला ३,४५,००० विरुद्ध ३,१०,०००. दुसरा पंप दरवर्षी ३५,००० रुपये वाचवतो, पण त्यासाठी आज ३,३०,००० जास्त मोजावे लागतात.

आता माझी दुसरी तक्रार. काही संस्थांत एखादा जाणता संचालक हे आकडे सभेत मांडतो. पण मग बेरीज अशी केली जाते: पहिल्या पंपाचा आयुष्यभराचा खर्च, किंमत धरून, १६,३०,०००, दुसऱ्याचा ३०,६०,०००. दुसरा जवळजवळ दुप्पट महाग दिसतो आणि विषय संपतो. ही तुलनाच होऊ शकत नाही. १६ लाखांत चार वर्षं पाणी मिळालं आणि ३० लाखांत आठ वर्षं. पहिला पंप घेतला तर पाचव्या वर्षी पिकाला पाणी नको असतं का? तेव्हा पुन्हा पंप घ्यावाच लागतो आणि ती खरेदी या बेरजेत कुठेच नाही.

याला उत्तर म्हणून काही जण किमतीला वर्षांनी भागतात. अडीच लाख भागिले चार म्हणजे ६२,५००. पाच लाख ऐंशी हजार भागिले आठ म्हणजे ७२,५००. वर्षाला दहाच हजारांचा फरक आणि बचत ३५,००० ची, तेव्हा दुसरा पंप घ्या! या उदाहरणात उत्तर बरोबर येतं, पण वाट चुकीची आहे आणि पुढे दाखवतो तसं ती दुसऱ्या संस्थेला खड्ड्यात घालते. भागाकारात पैशाचं व्याज धरलेलं नसतं. ज्या यंत्रात जास्त पैसे जास्त वर्षं अडकतात, त्याचं व्याज विसरलं की ते यंत्र आहे त्यापेक्षा स्वस्त दिसतं.

या दोन्ही चुका टाळणारी रीत खर्चशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळते. तिला समतुल्य वार्षिक खर्च म्हणतात. आज एकदम मोजलेली किंमत आणि ‘त्या यंत्राच्या आयुष्यभर दरवर्षी सारखी मोजलेली एक रक्कम’ या दोन्हींची आजची किंमत सारखी व्हावी, अशी ती वार्षिक रक्कम काढायची. मग यंत्र चार वर्षांचं असो की आठ वर्षांचं, दोघांचा एकेका वर्षाचा खर्च समोरासमोर ठेवता येतो.

हे कागदावर कसं होतं ते पाहा. व्याजाचा दर सहा टक्के धरू. सहाच का, ते पुढे सांगतो. वर्षाअखेरीस मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत साधारण ९४ पैसे. दोन वर्षांनी मिळणाऱ्याची ८९, तीन वर्षांनी ८४ आणि चार वर्षांनी ७९. या चारांची बेरीज, दशांश नीट धरले तर, ३.४६५ येते. अडीच लाखांना ३.४६५ ने भागलं की ७२,१४८ रुपये. पहिल्या पंपाची वर्षाची किंमत ही. आठ वर्षांसाठी तशीच बेरीज ६.२१० होते आणि ५,८०,००० ला तिने भागलं की ९३,४०१. सचिवांच्या संगणकावर हेच एका ओळीत होतं:

```
=PMT(6%,4,-250000)
=PMT(6%,8,-580000)
```

यात चालवण्याचा खर्च मिळवला की पहिला पंप वर्षाला ४,१७,१४८ रुपयांना पडतो आणि दुसरा ४,०३,४०१ ला. दुसरा पंप वर्षाला सुमारे १३,७०० रुपयांनी स्वस्त. ज्या आकड्याला आपण गोल केला होता, तो या संस्थेला महाग पडणारा होता.

या भागाकारावर सभेत कुणाचा विश्वास बसणार नसेल तर दुसऱ्या वाटेनेही दाखवता येतं. आठ चाराच्या दुप्पट आहे, म्हणून पहिला पंप दोनदा घ्या: एक आज, एक चार वर्षांनी. चार वर्षांनंतरच्या अडीच लाखांची आजची किंमत १,९८,०२३. दोन्ही मिळून ४,४८,०२३ रुपये, म्हणजे दुसरा पंप आजच्या पैशांत १,३१,९७७ रुपयांनी महाग. त्याच्या आठ वर्षांच्या बचतीची आजची किंमत २,१७,३४३. उरतात ८५,३६६ रुपये, आणि त्यांना ६.२१० ने भागलं की पुन्हा तेच तेरा हजार सातशेच्या आसपास. मात्र एक पंप पाच वर्षांचा आणि दुसरा सात वर्षांचा असेल, तर या वाटेने ३५ वर्षांचा तक्ता मांडावा लागेल. समतुल्य वार्षिक खर्चाची सोय आहे ती इथे.

आता व्याजदर. माझं सर्वांत जास्त भांडण इथेच होतं, कारण संचालक विचारतात की बँक आपल्याला ११ टक्क्यांनी कर्ज देते, मग सहा टक्के कुठून आणले? प्रश्न रास्त आहे. पण वरच्या हिशेबात वीज आठही वर्षं पाच रुपयेच धरली आहे आणि चार वर्षांनंतरचा पंपही अडीच लाखांचाच. प्रत्यक्षात तसं होत नाही. भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले तर तोच पंप चार वर्षांनी तीन लाखांच्या वर जाईल. बँकेच्या ११ टक्क्यांत ही भाववाढ धरलेली असते. म्हणून आकडे आजच्या भावाने मांडले असतील, तर दरातूनही भाववाढ काढून टाकावी लागते: १.११ भागिले १.०५ म्हणजे १.०५७. तोच मी सहा टक्के धरला. आजचे भाव आणि ११ टक्के यांची सरमिसळ केली, तर वरच्या उदाहरणात दुसऱ्या पंपाचा १३,७०० चा फायदा २,९०० च्या खाली येतो. फरक पंपात नाही, हिशेबाच्या चुकीत आहे, आणि ती चूक नेहमी जास्त टिकणाऱ्या यंत्राच्या विरोधात जाते. काही सल्लागारांच्या प्रकल्प अहवालांत ही सरमिसळ मी पाहिली आहे. त्यांच्यावर सही करण्याआधी एवढंच विचारा: भाव आजचे आहेत की वाढते, आणि दर त्याला जुळणारा आहे का?

इथवर वाचून कुणी म्हणेल की हा माणूस महाग पंपाची वकिली करतो आहे. तसं नाही. शेजारच्या गावात एखादी संस्था असते, जिला आवर्तनाचं पाणी मिळतं आणि नदीवरचा पंप फक्त उन्हाळ्यात, वर्षाला ५०० तास चालतो. तिथे तीन किलोवॉटच्या फरकाने वर्षाला साडेसात हजारच वाचतात. देखभालीचे आठ हजार धरून साडेपंधरा हजार. दुसऱ्या पंपाची वर्षाची किंमत मात्र पहिल्यापेक्षा २१,२५३ रुपयांनी जास्त आहे. म्हणजे या संस्थेने अडीच लाखांचाच पंप घ्यावा. नुसता भागाकार करणारा तिला सांगेल की फरक दहाच हजारांचा आहे, महाग घ्या. खड्डा म्हणालो तो हा. कमी चालला तर पंप जास्त टिकेल, हे खरं. पण दोघांचंही आयुष्य दुप्पट धरून मी हिशेब केला, तरी स्वस्त पंपच थोडा स्वस्त पडतो.

या उदाहरणात काटा ८८० तासांच्या आसपास झुकतो. त्याखाली पहिला पंप बरा, त्यावर दुसरा. तसाच तो विजेच्या दरावरही झुकतो. १,८०० तास चालवणाऱ्या संस्थेला सवलतीमुळे युनिट दोन रुपये पंचेचाळीस पैशांहून स्वस्त पडत असेल, तर पहिला पंप जिंकतो. आपला निर्णय आपल्या बिलावरच घ्यायचा असतो. पण आठ वर्षं टिकणाऱ्या यंत्राचा निर्णय यंदाच्या सवलतीवर उभा असेल, तर सवलत उठली की काय होईल हा आकडाही सभेपुढे ठेवा. वीज नियामक आयोगाचे दर आणि सरकारची सवलत, दोन्ही आपल्या हातात नाहीत.

म्हणून तासांची वही हा माझा खरा आग्रह आहे. बऱ्याच जॅकवेलवर वही असते, पण तीत ‘पंप सुरू’ आणि ‘पंप बंद’ एवढंच लिहिलेलं असतं, तेही लाइट गेली की सोडून दिलेलं. पंपचालकाला मीटरचं रीडिंगही लिहायला सांगा. एका अखंड तासात किती युनिट पडले, हीच पंपाची खरी ओढ. पाणी मोजायला महागडं यंत्र लागत नाही. वरच्या हौदाची लांबी-रुंदी माहीत असते. बाहेर जाणारी दारं बंद करून दहा मिनिटांत पातळी किती चढली ते पाहिलं की लिटर कळतात. दर पावसाळ्यानंतर हे केलं, तर वाळूने इंपेलर आणि वेअरिंग रिंग झिजल्याचं बिलाआधी कळेल: युनिट जवळपास तेवढेच पडतात आणि पाणी कमी येतं. झीज वाढत गेली तर चालवण्याचा खर्च दरवर्षी सारखा राहत नाही. मग एक सरासरी आकडा न धरता प्रत्येक वर्षाचा खर्च वेगळा मांडून, आजच्या किमतीत आणून, बेरजेला त्याच ३.४६५ किंवा ६.२१० ने भागायचं. रीत तीच राहते.

कार्यक्षमतेच्या आकड्याबद्दलही एक विनंती. पुरवठादाराच्या पत्रकात जो टक्का ठळक छापलेला असतो, तो पंपाच्या सर्वांत चांगल्या बिंदूवरचा असतो. आपला पंप त्या बिंदूवर चालेलच असं नाही. बंधाऱ्यात पाणी भरलेलं असताना हेड कमी असतं, मे महिन्यात नदीची पातळी उतरली की वाढतं. दरपत्रक मागवतानाच आपलं पाणी आणि आपलं हेड लिहून द्या आणि त्या जागेवरची हमी मागा, मोटरसह. आणि दोन्ही पंप तेवढंच पाणी देणार असतील तरच ही तुलना चालते, हेही ध्यानात ठेवा. एक ५० लिटर आणि दुसरा ४५ लिटर देत असेल तर वर्षाचा खर्च तुलनेला उपयोगाचा नाही. मग हजार लिटरमागचा खर्च काढावा लागेल.

शेवटी या रीतीची एक मोठी मर्यादा सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या भागात खरोखर आडवी येते. समतुल्य वार्षिक खर्च असं धरून चालतो की यंत्र संपलं की आपण तसंच यंत्र पुन्हा घेणार. ताकारी, म्हैसाळ, टेंभू यांसारख्या सरकारी योजनांचं पाणी ज्या गावांत पोहोचलं, तिथे काही जुन्या संस्थांच्या पंपांची गरजच घटली. आपल्या गावात चार वर्षांत असं होणार असेल, तर आठ वर्षांच्या पंपाची उरलेली चार वर्षं कुणाच्या कामाची? तेव्हा हिशेब चार वर्षांचाच करायचा आणि शेवटी जुना पंप कितीला विकला जाईल ते धरायचं. वरच्या आकड्यांत, चार वर्षांनी तो आजच्या भावाने २,६३,५०० रुपयांना विकला गेला तरच दोन्ही पंप बरोबरीत येतात. चार पावसाळे गाळ ओढलेल्या पंपाला एवढी रक्कम देणारं गिऱ्हाईक मला दिसत नाही. अशा संस्थेने पहिला पंप घ्यावा आणि कुणी विचारलं तर हा हिशेब दाखवावा.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. पुढच्या खरेदीच्या तुलनात्मक तक्त्यात किमतीनंतर चार रकाने वाढवा: आपल्या हेडवरची ओढ किलोवॉटमध्ये, वर्षाचा चालवण्याचा खर्च, आयुष्य आणि समतुल्य वार्षिक खर्च. गोल करायचा तो शेवटच्या रकान्यात. आयुष्याचा आकडा पुरवठादाराच्या तोंडून घेऊ नका. आपल्या मागच्या दोन पंपांच्या खरेदीच्या पावत्या दप्तरात आहेत, त्यांवरून काढा. सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी असेल तर ठरावात तास, युनिटचा दर आणि व्याजदर हे तिन्ही लिहा, म्हणजे पुढचं मंडळ ते तपासू शकेल. पुरवठादाराच्या बिलातली दहा टक्के रक्कम राखून ठेवा आणि पंप बसल्यावर पहिल्या महिन्यात, वर सांगितल्याप्रमाणे मीटर आणि हौद मोजून, हमीचे किलोवॉट आणि लिटर मिळाले तरच ती सोडा. ही अट दरपत्रक मागवण्याच्या जाहिरातीतच छापा. नंतर घातलेली अट कुणी मानत नाही.

तक्ता भरण्यासाठी कुठल्याही संस्थेला मदत लागली तर तिच्या सचिवांसोबत बसायला मी तयार आहे. सोबत फक्त बारा महिन्यांची वीजबिलं आणि पंपाची वही असावी.



आपला नम्र,
पाणीपुरवठा संस्थेचा एक सभासद आणि हिशेबनीस